बीपीच्या गोळीने उतरलेलं सोडियम

समजा, 74 वर्षांच्या एक आजी आहेत, वजन जेमतेम 45 किलो. बीपी आटोक्यात येईना म्हणून डॉक्टरांनी आधीच्या गोळीच्या जोडीला 12.5 मिलिग्रॅम क्लोरथॅलिडोन दिलं. आठ-दहा दिवसांत आजींना मळमळू लागलं, जेवण तुटलं, चालताना तोल जाऊ लागला. एका पहाटे त्या बाथरूममध्ये पडल्या आणि उचलायला धावलेल्या मुलाला भावाच्या नावाने हाक मारू लागल्या. घरच्यांना वाटलं, अर्धांगाचा झटका आला. पण सीटी स्कॅनमध्ये नवं काही दिसलं नाही. रक्तातलं सोडियम मात्र 118 निघालं. ते 135 ते 145 असायला हवं.

क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड, इंडापामाइड ही लघवी वाढवणारी, एकाच वळणाची औषधं. बीपीसाठी ती चांगलीच आहेत. मूत्रपिंडाच्या नलिकेत एका टप्प्यावर मीठ परत शोषलं जातं आणि लघवी पातळ होते. हे शोषण ती अडवतात. मीठ लघवीतून जात राहतं, पण जादा पाणी बाहेर टाकणं मूत्रपिंडाला जमेनासं होतं. रक्तातलं सोडियम विरळ झालं की पाणी मेंदूच्या पेशींत शिरतं, त्या फुगतात, आणि माणूस बरळू लागतो. सडपातळ, वयस्कर स्त्रियांना याचा धोका सर्वांत जास्त. त्यात जेवण कमी, वर ‘भरपूर पाणी प्या’ हा आग्रह, किंवा नैराश्यावरची काही औषधं चालू असली तर तो आणखी वाढतो.

वरून पाहून हे कळत नाही, हीच खरी अडचण. पायांना सूज नसते, जीभही कोरडी दिसत नाही. सोडियम थोडंच उतरलेलं असेल तर नुसतं लक्ष लागत नाही, पावलं अडखळतात, आणि सगळं वयावर ढकललं जातं. या वयात पडणं म्हणजे अनेकदा खुब्याचं हाड मोडणं. म्हणून गोळी सुरू करण्याआधी आणि नंतर एक-दोन आठवड्यांत इलेक्ट्रोलाइट्सची साधी रक्ततपासणी व्हायलाच हवी, असं मला ठामपणे वाटतं. अर्थात, त्रास पुढे कित्येक महिन्यांनीही होऊ शकतो. जोडगोळीच्या नावापुढे ‘एच’ असेल तर तिच्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड असतं. दवाखान्यात जाताना गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत.

सोडियम कमी निघालं की डॉक्टर रक्तातली साखर पाहतात, कारण साखर फार वाढल्यावरही आकडा खाली दिसतो. शिवाय रक्ताची आणि लघवीची ऑस्मोलॅलिटी, लघवीतलं सोडियम आणि पोटॅशियमही तपासतात.

घरी मीठ-पाणी पाजून हे दुरुस्त करू नये. थायझाइड थांबवलं की साठलेलं पाणी भराभर लघवीवाटे निघून जाऊ शकतं. सोडियम फार वेगाने चढलं तर मेंदूतल्या मज्जातंतूंच्या आवरणाला कायमची इजा होण्याची भीती असते. म्हणून रुग्णालयात दर काही तासांनी रक्त तपासतात आणि 24 तासांत साधारण 8 ते 10 च्या वर वाढ होऊ देत नाहीत. थायझाइड पुन्हा दिलं तर सोडियम पुन्हा उतरू शकतं. त्यामुळे आजींच्या फाइलवर त्या औषधाचं नाव ठळक अक्षरांत लिहून ठेवायला सांगावं.