समोरच्याने खाते बंद केले, तर तुमच्याकडे काय उरते?

पूर्वी मालाचा सौदा आडत्याच्या वहीत उतरायचा आणि तुमच्या हाती चिठ्ठी पडायची. आता भाव, वजन, उचल आणि बाकी सारे व्हॉट्सॲपवरच ठरते. पण एके दिवशी समोरच्या माणसाचा फोटो नाहीसा होतो, निरोप पोचत नाही, आणि कळते की त्याने आपले खातेच काढून टाकले. मग मनात धास्ती बसते, की आपल्यातले बोलणेही त्याच्याबरोबर गेले की काय?

तसे होत नाही. हे का होत नाही, ते आधी समजून घ्या. व्हॉट्सॲपवरील संभाषण ही दोघांत मिळून असलेली एक वही नव्हे. त्या दोन वह्या असतात, एक त्याच्या फोनमध्ये आणि एक तुमच्या. निरोप तुमच्या फोनवर पोचला, की कंपनी तो आपल्याकडे ठेवत नाही. समोरचा `Delete account` दाबतो, तेव्हा तो आपली वही जाळतो. त्याच्या फोनमधील निरोप पुसले जातात आणि गूगलच्या साठ्यात ठेवलेली त्याची प्रतही जाते. तुमच्या वहीला मात्र धक्का लागत नाही. त्याने पाठवलेला शब्द न् शब्द तुमच्याकडे तारीख-वेळेसह तसाच राहतो. इतकेच नव्हे, तर खाते गेल्यावर त्याला जुना निरोप 'सर्वांसाठी' पुसण्याचीही सोय उरत नाही.

आता दिसते काय, ते पाहू. नाव जसे तुम्ही फोनमध्ये साठवले होते तसेच राहते, साठवले नसेल तर नुसता नंबर दिसतो. डीपीच्या जागी राखाडी आकृती येते. तो शेवटचा केव्हा आला होता ते दिसत नाही. तुम्ही काही लिहिले तर दुसरी टिक उमटत नाही.

पण यावरून लगेच निष्कर्ष काढू नका. त्याने तुम्हाला नुसते ब्लॉक केले असले तरी जवळजवळ असेच दिसते. फरक ओळखायला दोन जागा पाहाव्यात. पहिली जागा म्हणजे तुम्ही दोघे ज्यात आहात तो ग्रुप. खाते काढणारा माणूस सगळ्या ग्रुपमधून आपोआप बाहेर पडतो. ब्लॉक करणारा मात्र ग्रुपमध्ये तसाच असतो. दुसरी जागा म्हणजे नवे संभाषण सुरू करताना दिसणारी नावांची यादी. खाते काढलेल्याचे नाव व्हॉट्सॲपवाल्या मंडळींत सापडत नाही, त्याच्यापुढे `Invite` असे येते. आणि फोटो जागेवर आहे पण टिक एकच पडते, असे असेल तर बहुधा त्याचा फोन बंद आहे किंवा नेट नाही. तेव्हा उगाच गैरसमज करून घेऊ नये.

एक उदाहरण घेऊ. समजा, निफाडकडच्या एका शेतकऱ्याने ४२ क्विंटल कांदा क्विंटलला १,८५० रुपये भावाने बांधावरच एका व्यापाऱ्याला दिला. एकूण झाले ७७,७०० रुपये. उचल मिळाली २०,००० रुपये, बाकी राहिली ५७,७००. भाव व्यापाऱ्याने लिहून कळवला होता. 'राहिलेले पंधरा दिवसांत देतो' हे त्याने बोलून, आवाजाच्या निरोपात सांगितले होते. काट्याच्या पावतीचा फोटो त्यानेच पाठवला होता. पंधरा दिवसांनी त्याचे खाते गायब.

शेतकरी संभाषण उघडतो. भावाचा निरोप आहे. आवाजाचा निरोप लावला, तर तोही वाजतो. पावतीचा फोटो मात्र धूसर दिसतो आणि त्यावर खाली वळलेला बाण आहे. नेट वाचावे म्हणून त्याने फोटो आपोआप उतरण्याची सोय बंद ठेवली होती आणि हा फोटो कधी उघडलाच नव्हता. खरी मेख इथे आहे. जो फोटो तुमच्या फोनमध्ये उतरलाच नाही, तो तुमच्या वहीत आलेलाच नाही. कंपनी असे फोटो थोडेच दिवस सांभाळते. मुदत टळल्यावर बाण दाबला, तर 'पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवा' असे उत्तर मिळते, आणि पाठवणारा तर निघून गेला! म्हणून व्यवहाराचा फोटो आला, की त्याच दिवशी उघडावा. या शेतकऱ्याला आता काट्यावर जाऊन पावतीची दुसरी प्रत मागावी लागेल.

दुसरा धोका आपोआप नाहीशा होणाऱ्या निरोपांचा. समोरच्याने संभाषणाला २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस अशी मुदत लावली असेल, तर त्याचे खाते गेले तरी ती मुदत थांबत नाही. तुम्ही सोय बंद केलीत, तरी आधीचे निरोप ठरल्या वेळी जातातच. अशा वेळी पडद्याचे फोटो ताबडतोब काढून ठेवावेत.

उरलेली एकमेव वही आता तुमची, तेव्हा ती जपायला हवी. ॲन्ड्रॉइड फोनवर संभाषण उघडून वरच्या तीन ठिपक्यांवर दाबा, मग `More` आणि त्यात `Export chat` निवडा. फोटोंसह घ्यायचे की फोटोंविना, असे तो विचारतो. फोटोंसह घ्या आणि ते स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. मात्र त्यात मिळणारी मजकुराची फाइल कोणालाही बदलता येते, म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये. ज्या फोनवर निरोप आले तो मूळ फोन विकू नका, त्यातले व्हॉट्सॲप काढू नका. प्रकरण कोर्टात गेलेच, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली अशा पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. ते वकिलाकडून समजून घ्यावे.

शेवटी एक सावधगिरी. तुमचे संभाषण माणसाशी नव्हे, नंबराशी बांधलेले असते. बंद पडलेला मोबाइल नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते. त्यानंतर मात्र तो नव्या गिऱ्हाइकाकडे जाऊ शकतो. त्याने व्हॉट्सॲप सुरू केले, की तुमच्या त्याच जुन्या संभाषणात, त्याच जुन्या नावाखाली, भलत्याच माणसाचा फोटो झळकतो. सुरक्षेचा कोड बदलल्याची ओळ तिथे दिसली, तर समजावे की त्या नंबरावर व्हॉट्सॲप बहुधा नव्याने सुरू झाले आहे. मग तो जुनाच व्यापारी असेल किंवा कोणी अनोळखी. तेव्हा जुन्या नावाखाली 'पैसे द्यायचे आहेत, खाते नंबर पाठवा' असा निरोप आला, तरी आधी फोन लावून आवाज ओळखा आणि मगच पुढचे बोला.