शंभर ग्रॅम सरकी ते साडेचारशे ग्रॅमचे पाकीट

नवीन उत्पादन विकासाचे टप्पे परीक्षेच्या वहीत चार ओळींत मावतात: कल्पना निर्मिती, कल्पनांची चाळणी, संकल्पना चाचणी, विपणन धोरण, व्यावसायिक विश्लेषण, प्रत्यक्ष उत्पादन विकास, चाचणी विपणन आणि शेवटी बाजारात पदार्पण. साबण किंवा बिस्किटाचे उदाहरण घेतले की हे टप्पे एकामागून एक सरळ येतात. बियाण्याचे उदाहरण घेतले की त्यांची खरी ओढाताण दिसते, आणि बियाण्याचे उदाहरण जालन्याइतके जवळ दुसरीकडे क्वचितच सापडेल. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये जालन्यात महिको ही कंपनी स्थापन केली. भारतात परवानगी मिळालेला पहिला बीटी कापूस याच कंपनीचा होता.

नव्वदच्या दशकात अमेरिकन बोंडअळी फवारण्यांना दाद देईनाशी झाली होती. त्यामुळे अळीला स्वतःच मारणारा कापूस ही कल्पना शोधायला फार लांब जावे लागले नाही. प्रश्न चाळणीचा होता. चाळणीत दोन प्रकारच्या चुका होतात. चांगली कल्पना टाकून दिली जाते किंवा वाईट कल्पना पुढे सरकते. दुसरी चूक महागात पडते, कारण पुढचा प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा खर्चिक असतो. म्हणून चाळणीत कल्पना किती आकर्षक आहे यापेक्षा ती आपल्याला पेलेल का, हे विचारायचे असते. महिकोकडे संकरित कापसाचे वाण होते आणि विक्रेत्यांचे जाळेही होते, पण जनुक नव्हते. ते अमेरिकेतील मोन्सँटोकडे होते. दोन्ही कंपन्यांनी पुढे 1998 मध्ये संयुक्त कंपनी काढली. शिवाय जनुक बदललेल्या वाणाला 1989 च्या नियमांनुसार केंद्र सरकारची परवानगी लागत असे. ही अट चाळणीच्या वेळीच हिशोबात धरावी लागते, कारण तिथे लागणारा वेळ कंपनीच्या हातात नसतो.

कल्पना आणि संकल्पना यांतला फरक परीक्षेत हमखास विचारला जातो. ‘अळीला मारणारा कापूस’ ही कल्पना झाली. ‘बोंडअळीसाठीच्या फवारण्या कमी करणारी, एकरी एका पाकिटाची, नेहमीपेक्षा महाग सरकी’ ही संकल्पना झाली, कारण ती गिऱ्हाइकाच्या नजरेतून मांडलेली आहे. ती ऐकवून शेतकऱ्याला काय समजले, हे तपासणे म्हणजे संकल्पना चाचणी. इथे एक गैरसमज सहज होतो: ‘म्हणजे फवारणीच नको!’ बीटीतील विषारी प्रथिन बोंडअळीवर चालते, मावा, तुडतुडे आणि पांढरी माशी यांच्यावर नाही. हे आधी नीट सांगितले नाही, तर चांगले उत्पादनही पहिल्याच हंगामात बदनाम होते.

व्यावसायिक विश्लेषणात हीच संकल्पना आकड्यांत उतरते. सुरुवातीला बीटीचे पाकीट सुमारे 1,600 रुपयांना होते, तर साधे संकरित बियाणे साडेचारशेच्या घरात मिळे. म्हणजे एकरी साधारण 1,150 रुपये जादा. एका फवारणीला औषध आणि मजुरी मिळून 400 रुपये लागतात असे धरले, तर तीन फवारण्या वाचल्यावरच फरक भरून निघतो. अळी कमी आलेल्या वर्षी तो निघत नाही. त्यामुळे विक्रीचा अंदाज एका सरासरी वर्षावर न बांधता चांगले, मध्यम आणि कोरडे अशा तिन्ही वर्षांवर बांधावा लागतो.

प्रत्यक्ष विकासाचा टप्पा शंभर ग्रॅमपासून सुरू झाला. 1995 मध्ये परवानगी मिळाल्यावर कोकर-312 या अमेरिकन वाणाची तेवढी जनुकयुक्त सरकी आणली गेली. कोकर इथल्या कोरडवाहू जमिनीत पेरून उपयोग नव्हता. त्याचा इथल्या वाणाशी संकर करायचा, आलेल्या रोपांतून जनुक असलेली निवडायची आणि ती पुन्हा इथल्याच वाणाशी संकरित करायची. पहिल्या संकरात इथल्या वाणाचा वाटा निम्मा असतो. त्यानंतर दर पिढीला उरलेल्या परक्या भागाचा निम्मा गळतो: 75 टक्के, मग 87.5, आणि सहाव्या प्रतिसंकरानंतर 99 टक्क्यांच्या वर. पिढ्यांचा हा वेळ कितीही पैसे ओतले तरी फारसा कमी होत नाही.

पुढचा टप्पा चाचणी विपणनाचा, आणि सर्वांत जास्त गफलत इथेच होते. 1998 पासून नऊ राज्यांत अनेक ठिकाणी शेतावर चाचण्या झाल्या. त्यांत उत्पन्न, अळ्यांची संख्या आणि परागकणांचा प्रवास मोजला गेला. ही उत्पादनाची चाचणी झाली, बाजाराची नव्हे. चाचणी विपणनात गिऱ्हाईक स्वतःचे पैसे मोजते आणि वस्तू स्वतःच्या पद्धतीने वापरते. पाहायचे आकडे दोन: पहिल्यांदा किती जणांनी घेतले आणि त्यांतल्या किती जणांनी पुन्हा घेतले. समजा, एका तालुक्यात 1,000 शेतकऱ्यांपैकी 300 जणांनी नवे बियाणे घेतले आणि पुढच्या वर्षी त्यांतले 60 परत आले. याचा अर्थ जाहिरात चालली, माल चालला नाही. उलट 80 जणांनी घेतले आणि 60 परत आले, तर माल चांगला आहे, फक्त पोहोचवण्यात कसर आहे. साबणाचा दुसरा आकडा दोन महिन्यांत कळतो, बियाण्याचा वर्षाने. तोही पावसाने बिघडवलेला असू शकतो. म्हणून शेजारीच जुने वाण लावून तुलना करावी लागते.

बीटीला परवानगीआधी विकण्याची मुभाच नव्हती, त्यामुळे हा टप्पा रीतसर होऊ शकला नाही. तो चोरवाटेने झाला. 2001 मध्ये गुजरातेत बोंडअळीचा मोठा हल्ला झाला, तेव्हा ‘नवभारत 151’ या वाणाची शेते टिकून राहिली. तपासणीत त्यात विनापरवाना बीटी जनुक आढळले. शेतकऱ्यांनी पैसे देऊन ते आधीच पेरलेले होते. मागणीचा एवढा स्पष्ट पुरावा कोणत्याही कंपनीने मुद्दाम गोळा केला नसता.

26 मार्च 2002 रोजी मेक-12, मेक-162 आणि मेक-184 या तीन संकरित वाणांना तीन वर्षांची परवानगी मिळाली. पदार्पणात कधी, कुठे, कोणाला आणि कसे हे चार निर्णय असतात. त्यांतला ‘कधी’ बियाण्याच्या बाबतीत मृग नक्षत्र ठरवते. जूनमध्ये दुकानात पाकीट हवे, तर सरकी आदल्या हंगामात तयार करावी लागते, म्हणजे विक्रीचा खरा आकडा हाती येण्याच्या वर्षभर आधी. पहिले वर्ष दुष्काळाचे निघाले. 2005 मध्ये परवानग्यांचा फेरविचार झाला, तेव्हा आंध्र प्रदेशात या तिन्ही वाणांना नूतनीकरण मिळाले नाही. जनुक तेच राहिले. ते ज्या वाणात घातले होते, ते सगळीकडच्या जमिनीला मानवले नव्हते.

रीतसर चाचणी विपणन न झाल्याची मोठी किंमत पाकिटातल्या दुसऱ्या, लहान पिशवीत दिसली. बीटीच्या 450 ग्रॅमसोबत 120 ग्रॅम साधी सरकी दिलेली असे. ती शेताभोवती लावली की तिथे विषाची सवय न झालेल्या अळ्या वाढतात, आणि त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी मिसळल्याने प्रतिकार लांबतो. कागदावर योजना निर्दोष होती. प्रत्यक्षात ती पिशवी बांधावर पडून राही किंवा तिच्यातल्या बियांनी नांग्या भरल्या जात. आपल्याच शेतात अळ्यांसाठी चार ओळी राखायला कोण तयार होणार? हे एकाच तालुक्यातल्या एका हंगामाच्या विक्रीतही कळले असते. पुढे गुलाबी बोंडअळीत प्रतिकार आला. त्यात फरदडीचा आणि लांबलेल्या हंगामाचाही हात होता. 2017 मध्ये महाराष्ट्रातल्या कापसाला त्याचा मोठा फटका बसला.

यानंतर बदलले ते पाकीट. आता 475 ग्रॅमच्या एकाच पिशवीत पाच ते दहा टक्के साधी सरकी मिसळूनच येते. दोन्ही बिया दिसायला सारख्या असल्याने शेतकऱ्याला त्या वेगळ्या काढता येत नाहीत.