रात्री पाय का वळवळतात?

सातवा महिना लागला की अनेकींची अंथरुणाला पाठ टेकताच पोटऱ्यांत आत काहीतरी सरपटू लागते. पाय हलवला की बरे वाटते, थांबवला की पुन्हा सुरू. पेटका आला तर स्नायू दुखून गोळा होतो. इथे तसे होत नाही. झोप तुटत राहते. स्वप्नाच्या मध्येच जाग येते, म्हणून ती स्वप्ने इतकी ठसठशीत आठवतात. ती अपशकुन नव्हेत, हे सासूबाईंनाही सांगावे.

या वळवळीमागे बऱ्याचदा लोहाची कमतरता असते. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला साठा रिता असू शकतो, म्हणून डॉक्टरांना फेरिटिन तपासायचे का, हे जरूर विचारा. समजा, एखादी लोहाची गोळी रोज घेते, पण नाश्त्याच्या चहाबरोबर, आणि लगेच कॅल्शियमचीही. मग लोह नीट शोषलेच जात नाही. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहा तासाभराने आणि कॅल्शियम दोन तासांनी. साठा भरायला काही आठवडे लागतात.

तोवर झोपण्यापूर्वी पोटऱ्या ताणाव्यात, कोमट पाण्याने शेकाव्यात, संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळावी. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी. सर्दीच्या किंवा झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांतल्या काहींनी वळवळ वाढते. एकच पाय सुजला, दुखू लागला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा. ती रक्ताची गुठळी असू शकते. साधी वळवळ बहुतेकींची बाळंतपणानंतर थोड्याच आठवड्यांत थांबते.