‘नमस्कार’ऐवजी तक्रार ऐकणं

वीज कंपनीच्या चॅटबॉटला एका ग्राहकाने लिहिलं, “नमस्कार, माझं लाइट बिल जास्त आलंय.” उत्तर आलं, “नमस्कार! मी आपली काय मदत करू?” ग्राहकाने तेच वाक्य पुन्हा टाइप केलं, फक्त या वेळी ‘नमस्कार’ गाळून. मग बॉट ताळ्यावर आला आणि त्याने ग्राहक क्रमांक विचारला. प्रसंग कल्पित आहे, पण ज्यांनी बॉटशी चार ओळी बोलून पाहिल्या आहेत त्यांना तो ओळखीचा वाटेल. शिष्टाचाराने बोललं की बॉटला ऐकू येत नाही, असा हा उफराटा प्रकार.

हा दोष फार जुना आहे. एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी 1966 साली ‘एलायझा’ या संवाद करणाऱ्या प्रोग्रामची माहिती प्रसिद्ध केली. एलायझा वाक्य डावीकडून वाचत जाई. ओळखीचा शब्द सापडल्यावर पुढे स्वल्पविराम किंवा पूर्णविराम आला, की त्यानंतरचा सगळा मजकूर ती टाकून देई. मानसोपचारतज्ज्ञाची भूमिका करणाऱ्या तिच्या प्रसिद्ध संहितेत ‘हॅलो’ हा असा ओळखीचा शब्द होता. म्हणजे ‘हॅलो, मी फार दुःखात आहे’ असं लिहिलं की दुःख स्वल्पविरामापाशीच कापलं जाणार आणि ‘तुमची अडचण सांगा’ अशा अर्थाचं उत्तर येणार.

आजचे बॉट असं कापत नाहीत. ते अख्खं वाक्य घेतात आणि त्यामागचा हेतू ओळखू पाहतात. या हेतूला या क्षेत्रात ‘इंटेंट’ म्हणतात. वीज कंपनीच्या बॉटला समजा वीस इंटेंट शिकवले आहेत: बिल जास्त आलं, वीज गेली, नवीन मीटर हवा वगैरे, आणि त्यातलाच एक अभिवादनाचा. प्रत्येक इंटेंटसाठी नमुना वाक्यं दिली जातात आणि कोणत्या शब्दाला कोणत्या इंटेंटकडे किती झुकतं माप द्यायचं, हे मॉडेल त्यांवरून स्वतः ठरवतं.

घोळ इथेच होतो. नमुने लिहिणारा माणूस अभिवादनाच्या खान्यात ‘नमस्कार’, ‘नमस्कार सर’, ‘राम राम’ असं लिहितो आणि बिलाच्या खान्यात ‘बिल जास्त आलंय’ असं थेट मुद्द्याचं वाक्य. सगळ्या नमुन्यांत ‘नमस्कार’ फक्त एकाच खान्यात दिसतो. मग मॉडेलने काढलेला निष्कर्ष त्याच्या परीने बिनचूकच असतो: हा शब्द दिसला की अभिवादन.

आकडे घालून पाहू. समजण्यापुरतं अगदी साधं मॉडेल घेऊ. त्यात ‘नमस्कार’ अभिवादनाला 4 गुण देतो. ‘बिल’ 2 आणि ‘जास्त’ 1 गुण बिलाच्या तक्रारीला देतात. बाकी शब्द तटस्थ. चार विरुद्ध तीन. हे गुण ‘सॉफ्टमॅक्स’ नावाच्या सूत्रातून जातात आणि सगळ्या इंटेंटची मिळून बेरीज 1 होईल अशा वाट्यांत बदलतात. दोनच इंटेंट धरले तर अभिवादनाला सुमारे 0.73 आणि तक्रारीला 0.27 मिळतात. वाक्यातले दोन शब्द तक्रारीच्या बाजूने, एकच अभिवादनाच्या, तरी अभिवादन जिंकलं. आणि तेही असं, की बॉटला आपण चुकतोय अशी शंकासुद्धा येऊ नये.

दोन्ही वाटे जवळजवळ सारखे आले, तर निदान चूक दिसते तरी. रासा या मुक्त प्रणालीत तशी सोय आहे: पहिल्या दोन इंटेंटमधला फरक 0.1 पेक्षा कमी असेल तर तिचा ठरावीक नियम निकाल संदिग्ध मानतो आणि बॉट ‘नीट समजलं नाही’ म्हणून पुन्हा विचारू शकतो. 0.73 आणि 0.27 मध्ये ती सोय कामाला येत नाही.

पहिला उपाय नमुन्यांतच करायचा. रासाच्या फाइलीत तो असा दिसेल:

```
- intent: bill_high
  examples: |
    - माझं लाइट बिल जास्त आलंय
    - नमस्कार, माझं लाइट बिल जास्त आलंय
    - हॅलो सर बिल खूप जास्त आहे
```

प्रत्येक मागणीच्या खान्यात काही वाक्यं अशी अभिवादनासकट घातली, की ‘नमस्कार’ कुठल्याच खान्याचा खास राहत नाही. त्याचे 4 गुण उतरून समजा 1 वर आले, तर आपल्या वाक्यात तक्रारीचा वाटा 0.88 होतो. काम झालं, असं वाटतं. पण आता नुसतं ‘नमस्कार’ आलं तर? विसातल्या एका इंटेंटला 1 गुण, बाकी एकोणिसांना शून्य. वाटा पडतो 0.13 च्या आसपास, आणि साध्या नमस्काराला बॉट म्हणतो, ‘नीट समजलं नाही.’ खरं मॉडेल प्रशिक्षणात हे थोडंफार सावरून घेतं, पण ओढाताण हीच असते.

नुसतं अभिवादन ओळखायचं ते त्यात काय आहे यावरून नव्हे, तर आणखी काही नाही यावरून, असं मला वाटतं. म्हणून बरेच जण वर्गीकरणाआधी चाळणी लावतात. अभिवादनाचे शब्द, ‘सर’, ‘मॅडम’, ‘ताई’, ‘भाऊ’ अशी संबोधनं आणि हात जोडलेली इमोजी काढून टाकायची. मागे काही उरलं नाही तर नुसतं अभिवादन. उरलं तर तेवढंच मॉडेलकडे पाठवायचं. उत्तरात मात्र ‘नमस्कार’ म्हणून मग बिलाकडे वळायचं, म्हणजे सौजन्यही राहतं.

मराठीत ही चाळणी जपून लावावी लागते. ‘कसं काय, बरंय ना?’ हे अभिवादन. ‘कसं काय आलं एवढं बिल?’ हा भांडणाचा सूर. ‘कसं काय’ यादीत टाकून सरसकट गाळलं, तर दुसऱ्या वाक्यात ‘आलं एवढं बिल’ उरतं, आणि ते बिल पोचल्याची खबर दिल्यासारखं वाचता येतं. म्हणून असे दुहेरी शब्द एकेकटे न गाळता, अख्खा संदेश अभिवादनाच्या साच्यात बसला तरच गाळावेत. शिवाय लोक ‘namaskar’, ‘nmskr’ असं रोमनमध्येही लिहितात, ती रूपं यादीत वेगळी घालावी लागतात.

काही वेळा वाक्य एकच असतं पण येतं दोन तुकड्यांत. व्हॉट्सॅपवर आधी ‘नमस्कार’, क्षणभराने तक्रार. बॉट पहिल्या तुकड्यावर लांबलचक मेनू पाठवून मोकळा होतो. दोन-तीन सेकंद थांबून लागोपाठचे संदेश जोडले तर यातला बराच त्रास वाचतो, पण जास्त थांबलं तर बॉट झोपलाय असं वाटतं. आणि संवादाच्या मध्येच आलेला ‘हॅलो??’ हा तर अभिवादन नव्हेच. ‘आहात का तिकडे?’ हा त्याचा अर्थ, तो मागचे संदेश पाहिल्याशिवाय कळत नाही.

मोठी भाषिक मॉडेलं जोडसंदेश सहसा नीट समजतात. पण ती चालवायला खर्च येतो, म्हणून काही ठिकाणी त्यांच्या दारात ‘संदेश नमस्काराने सुरू झाला तर ठरावीक उत्तर दे’ असा स्वस्त नियम बसवतात. तिथे पुन्हा एलायझाचंच राज्य.

आपल्या बॉटमध्ये हा दोष आहे का, हे तपासायला मोठी यंत्रणा लागत नाही. मागणीची शंभरएक वाक्यं घ्यावीत, प्रत्येकाच्या पुढे आणि मागेही अभिवादन चिकटवून दुसरी प्रत करावी, आणि दोन्ही प्रतींना तोच इंटेंट मिळतो का पाहावं. जिथे उत्तर बदलतं तिथे नमुने कमी पडलेत. दुसरी खूण जुन्या संवादांच्या नोंदींत सापडते: बॉटच्या स्वागताच्या उत्तरानंतर लगेच ग्राहकाने आधीचंच वाक्य अभिवादन वगळून पुन्हा लिहिलेलं असतं. अशा जोड्या शोधायला एक छोटी क्वेरी पुरते, आणि त्या वाक्यांतूनच पुढच्या प्रशिक्षणाचे सर्वांत उपयोगी नमुने मिळतात.