आडनावाची रिकामी चौकट

चेक साडेतीन हजारांचा होता. एका दिवाळी अंकाने माझ्या मैत्रिणीला कथेचं मानधन पाठवलं होतं आणि चेकवर नाव घातलं होतं ते कथेखाली छापलेलं : स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव, एवढंच. ती गेली बारा वर्षं याच नावाने लिहिते. बँकेतलं खातं मात्र आडनावासकट. काउंटरवरच्या मुलीने चेक पाहिला, पासबुक पाहिलं आणि चेक परत दिला. तिचं काही चुकलं नव्हतं. अकाउंट पेयी चेक ज्याच्या नावाचा, त्याच्याच खात्यात जमा व्हायला हवा, आणि हे खातं त्या नावाचं नव्हतं.

त्या दिवशी मैत्रीण म्हणाली, ‘‘आता सगळीकडूनच आडनाव काढून टाकते.’’ पुढचं वर्षभर आम्ही दोघी तिच्या कागदपत्रांची फाइल घेऊन कितीदा बसलो, याचा हिशेब नाही. त्यातून जे कळलं ते इथे लिहिते आहे.

आडनाव गाळण्यामागे आपल्याकडे बहुतेकदा जात असते. नाव सांगितलं की पुढचा माणूस आडनावाची वाट बघतो आणि ते कळलं की त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी जुळतं. हा अनुभव ज्यांना आला आहे, त्यांना यावर भाष्य नको असतं. तमिळनाडूत हे चळवळीने घडवलं. चेंगलपट्टूला १९२९ साली झालेल्या स्वाभिमान परिषदेत जातिवाचक पदव्या टाकून देण्याचा ठराव झाला आणि पेरियार रामसामींनी स्वतःच्या नावापुढचं ‘नायकर’ काढलं. आपल्याकडे ते एकेकट्याने होत आलं. ज्योती सुभाष आणि अमृता सुभाष या दोघी मायलेकी रसिकांना आडनावाशिवायच माहीत आहेत.

पहिली गोष्ट ही, की लोकांत वावरायचं नाव बदलायला कुणाचीच परवानगी लागत नाही. पुस्तकावर, नाटकाच्या जाहिरातीत, व्हिजिटिंग कार्डावर आडनाव लिहिलंच पाहिजे असा कुठला कायदा नाही. करारपत्रात मात्र कागदोपत्री नाव पूर्ण लिहावं, पुढे ‘अमुक या नावाने लेखन करणार’ असं जोडावं, आणि पैसे कागदोपत्री नावाने पाठवायला सांगावं. माझं मत विचाराल, तर पुष्कळांनी इथेच थांबावं. मैत्रिणीचा चेकही अंकाच्या कार्यालयाला एक फोन केल्यावर बदलून मिळाला.

पण कुणाला ते नाव आधारवर, पासपोर्टवर, दारावरच्या पाटीवर, सगळीकडे एकच हवं असेल, तर राजपत्रापासून सुरुवात करावी लागते. आपण त्याला सरसकट गॅझेट म्हणतो. महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये नाव, धर्म आणि जन्मतारीख बदलल्याच्या सूचना छापल्या जातात. मुंबईत चर्नी रोडला असलेलं शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालय हे काम करतं आणि अर्ज आता ऑनलाइन होतो. अर्जात जुनं नाव आणि नवं नाव, आणि दोन्हींचे तीन-तीन तुकडे : स्वतःचं, वडिलांचं किंवा पतीचं, आणि आडनाव.

सगळी गोष्ट या तिसऱ्या चौकटीपाशी अडते. आपल्याला वाटतं, आडनाव काढलं म्हणजे चौकट रिकामी राहिली. पण पुढच्या प्रत्येक कार्यालयात ही चौकट कुणीतरी भरून मागतं. म्हणून अर्ज करायच्या आधी कागद-पेन घेऊन ठरवायचं, की तिथे कोण बसणार.

समजा, नाव आहे मीनल रमेश पाटील आणि व्हायचं आहे मीनल रमेश. आधारवर नाव सलग एका ओळीत असतं, त्यामुळे तिथे प्रश्नच नाही. पॅनच्या अर्जात मात्र आडनावाची चौकट भरावीच लागते. स्वतःचं आणि मधलं नाव कोरं चालतं, आडनाव कोरं चालत नाही. म्हणजे ‘रमेश’ उचलून आडनावाच्या जागी ठेवावं लागतं. वडिलांच्या नावाची ओळ वेगळी आहे, तिथे त्यांचं नाव आडनावासह जसंच्या तसं राहतं. ज्याला वडिलांचंही नाव नको, नुसतं ‘मीनल’ एवढंच हवं, त्याने ‘मीनल’ हेच आडनाव म्हणून लिहायचं, अशी तिथली रीत आहे.

पासपोर्टवर दोन ओळी असतात, सरनेम आणि गिव्हन नेम. सरनेम कोरं ठेवता येतं, आणि आडनाव टाकायचंच म्हणून घरातून निघालेला माणूस ते हौसेने कोरं ठेवतो. मग ‘मीनल रमेश’ हे अख्खं गिव्हन नेममध्ये जातं. त्याचा त्रास परदेशी जाताना कळतो. अमेरिकेचा व्हिसा काढताना सरनेम नसेल, तर गिव्हन नेम उचलून आडनावात टाकतात आणि पहिल्या नावाच्या जागी FNU छापतात, म्हणजे ‘पहिलं नाव अज्ञात’. पुढे तिथल्या कागदांवर हीच तीन अक्षरं तुमचं नाव म्हणून उतरत जातात. संयुक्त अरब अमिरातीने २१ नोव्हेंबर २०२२पासून पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटन आणि भेटीच्या व्हिसावर प्रवेश बंद केला. नंतर खुलासा आला, की पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर चालेल. विमानाचं तिकीट काढतानाही आडनावाची चौकट सोडून पुढे जाता येत नाही.

म्हणून मैत्रिणीने सरनेममध्ये वडिलांचं नाव घातलं. तिला ते सुरुवातीला पटत नव्हतं. ‘‘एक आडनाव काढून दुसरं लावल्यासारखंच झालं की,’’ असं ती म्हणत होती. पण कोऱ्या चौकटीपेक्षा ओळखीचं नाव बरं, असं तिनेच दोन दिवसांनी ठरवलं. हे एकदा ठरलं, की सगळीकडे तेच. पॅनवर एक, पासपोर्टवर दुसरं असं करू नये.

राजपत्राच्या सूचनेत जुनं नाव ज्या स्पेलिंगने छापून येईल, त्याच स्पेलिंगचा पूल बांधला जातो. शाळेच्या दाखल्यावर Minal आणि बँकेत Meenal असेल, तर ‘Minal Ramesh Patil’ची ‘Minal Ramesh’ झाली एवढंच राजपत्र सांगतं, Meenal कोण ते सांगत नाही. तेव्हा आधी जुन्या नावातली स्पेलिंगं जुळवून घ्यावीत आणि मग राजपत्राकडे वळावं. आम्ही हे उलट्या क्रमाने केलं आणि एका ठिकाणी तीन चकरा वाढल्या. आणखी एक, राजपत्रातल्या या सूचनांबरोबर तळटीप असते, की मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी शासनाची नाही, तो अर्जदाराच्या म्हणण्यावर छापला आहे. म्हणजे राजपत्र तुमची घोषणा छापून देतं. तुमचे बाकीचे कागद त्याने आपोआप बदलत नाहीत. प्रत्येक दार स्वतः वाजवावं लागतं.

पहिलं दार आधारचं. आयुष्यात दोनदाच नाव बदलता येतं, म्हणून तिथे चाचपडायला जागा नाही. पावतीवर इंग्रजी आणि मराठी दोन्ही नावं वाचून मगच सही करावी. मैत्रिणीच्या पावतीवर मराठीत ‘मिनल’ असं ऱ्हस्व उमटलं होतं, ते तिथल्या तिथे दुरुस्त झालं. दुसरं पॅन. क्रमांक तोच राहतो, फक्त नाव बदलतं. मग बँक. रिझर्व्ह बँकेच्या केवायसीच्या नियमात नाव बदललेल्यांसाठी स्पष्ट सोय आहे : ओळखपत्र जुन्या नावाचं असलं, तरी सोबत राजपत्र असेल तर ते ग्राह्य धरायचं. काउंटरवर हे माहीत नसेल, तर शांतपणे सांगावं. त्यानंतर पासपोर्ट, मतदार यादीसाठी आठ नंबरचा फॉर्म, भविष्य निर्वाह निधी, गाडीचं लायसन्स. मतदार यादीच्या फॉर्मवर आडनावापुढे ‘असल्यास’ असं लिहिलेलं असतं. मैत्रिणीला तो एक शब्द वाचून फार बरं वाटलं होतं.

मधल्या काळात काही नावं नवी आणि काही जुनी असतात, आणि खरी अडचण तेव्हाच येते. पॅनवर नवं नाव चढलं आणि बँकेत जुनंच राहिलं, तर प्राप्तिकराचा परतावा अडकू शकतो, कारण परताव्याचं खातं पडताळताना पॅनवरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळवून पाहिलं जातं. परतावा यायचा असेल तर तो येऊ द्यावा. विमानाचं तिकीट काढलेलं असेल तर प्रवास उरकावा. जुन्या नावाचं तिकीट आणि नव्या नावाचा पासपोर्ट घेऊन विमानतळावर उभं राहू नये.

काही कागद बदलतच नाहीत. जन्मनोंदीत फक्त चुकीची नोंद दुरुस्त होते. जन्माच्या वेळी आडनाव होतं, ती चूक नव्हती. जुनी पदवी जुन्याच नावाची राहते आणि तिच्यामागे राजपत्राची प्रत जोडावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सीबीएसईच्या प्रमाणपत्रांविषयी निकाल देताना नाव हा अभिव्यक्तीचा भाग मानला आणि मोठेपणी स्वतः निवडलेलं नावही प्रमाणपत्रावर येऊ शकतं असं सांगितलं, पण जुनी नोंद पुसून नव्हे, तिच्यासोबत. आणि घराचं खरेदीखत कुणी नव्याने लिहीत नाही. पुढे घर विकताना ‘पूर्वीचे नाव’ म्हणून उल्लेख येतो.

सर्वांत जपून चालायची जागा जात पडताळणीची आहे. जातीच्या आरक्षणाचा लाभ घेणाऱ्याला पडताळणी समितीकडून वैधता प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि समितीसमोर वंशावळ, वडील-आजोबांचे शाळेचे दाखले, चुलत्यांचे पुरावे ठेवावे लागतात. या सगळ्यांना बांधणारा ठळक धागा आडनावाचाच. जातीची ओळख नको म्हणून ज्याने आडनाव टाकलं, त्यालाच हक्काच्या सवलतीसाठी ते पुन्हा सिद्ध करावं लागतं. मला हे फार क्रूर वाटतं. पण उपाय एवढाच, की वैधता प्रमाणपत्र आधी हातात घ्यावं आणि आडनावाचा विचार नंतर करावा. ज्यांचं प्रकरण समितीपुढे चालू आहे, त्यांनी तर मध्येच नाव बदलूच नये.

आता मुलांच्या नावात आईचंही नाव येऊ लागलं आहे. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव, असा क्रम राज्य सरकारने ठरवला. चौकटी तीनच्या चार झाल्या. शेवटची तिथेच आहे.

वर्ष संपत आलं तेव्हा मैत्रिणीची फाइल जवळजवळ पूर्ण झाली होती. एकदा तिच्या वडिलांकडे चहाला बसलो होतो आणि त्यांच्या मुदतठेवीची पावती टेबलावर होती. वारसदाराच्या रकान्यात तिचं नाव होतं, आडनावासकट. आम्ही तिचे सगळे कागद धुंडाळले होते, पण ज्या कागदांवर ती दुसऱ्याची वारसदार आहे, ते आठवलेच नव्हते. ठेव, विम्याची पॉलिसी, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटचं नॉमिनेशन. हे कागद उघडतात तेव्हा ते भरणारा माणूस समजावून सांगायला नसतो. दुसऱ्या दिवशी वडील स्वतः बँकेत गेले, नॉमिनेशनचा नवा फॉर्म भरला आणि लेकीचं नवं नाव आपल्या अक्षरात लिहिलं. त्यात दुसरा शब्द त्यांचंच नाव होता.