दहा हजार बायकांमागे किती?

१९९८ साली टाटा मेमोरियल हॉस्पिटलने मुंबईतल्या वस्त्यांमध्ये एक मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका त्यात होत्या. शहरातले वीस विभाग निवडून त्यांची यदृच्छेने दहा-दहाच्या दोन गटांत वाटणी झाली. एका गटातल्या बायकांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. अशा चार फेऱ्या झाल्या. दुसऱ्या गटाला सुरुवातीला कर्करोगाची माहिती दिली गेली आणि पुढे दोन्ही गटांवर वीस वर्षं लक्ष ठेवलं गेलं. मॅमोग्राफीचं यंत्र परवडत नाही तिथे नुसत्या हाताच्या तपासणीने जीव वाचतात का, हा प्रश्न होता. डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये उत्तर छापलं.

ते उत्तर असं: स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू १५ टक्क्यांनी घटले, पण ही घट सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय नव्हती. पन्नाशी आणि त्यापुढच्या बायकांमध्ये मात्र जवळजवळ ३० टक्के घट दिसली.

आता हाच निकाल ज्या बायकांनी दार उघडून आरोग्यसेविकेला घरात घेतलं, त्यांना एका पानात सांगायचा आहे असं समजू. वैद्यकीय संशोधनाच्या नीतीसाठी जगभर प्रमाण मानल्या जाणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्यात सहभागी व्यक्तींना निकाल कळवण्याची तरतूद आहे. युरोपीय संघात तर औषधचाचणी संपल्यावर वर्षाच्या आत सामान्य माणसाला कळेल असा सारांश देणं कायद्याने बंधनकारक आहे. पण सोपे शब्द वापरले की सारांश सोपा झाला, असं होत नाही. अडचण शब्दांपेक्षा आकड्यांची असते.

‘१५ टक्के घट’ हेच घ्या. कशाच्या १५ टक्के? वाचणाऱ्या बाईला वाटेल, तपासणी केलेल्या शंभर जणींतल्या पंधरा वाचल्या. शोधनिबंधातले मूळ दर पाहिले की खरं चित्र दिसतं. एक लाख बायकांवर एक वर्ष लक्ष ठेवलं तर तपासणीच्या गटात २०.८२ आणि दुसऱ्या गटात २४.६२ मृत्यू. हे दर पानावर जसेच्या तसे लिहिले तर कोणाच्याही हाती काही लागणार नाही, कारण २०.८२ बायका मरत नाहीत आणि ‘लाख स्त्री-वर्षं’ कोणी जगत नाही. म्हणून आकडे बायकांच्या मापात आणायचे. अभ्यास वीस वर्षांचा, तर दहा हजार बायकांची वीस वर्षं म्हणजे दोन लाख वर्षं. दर दुप्पट करायचा, की झालं. सारांशातलं वाक्य असं होईल:

‘तपासणी न झालेल्या दहा हजार बायकांपैकी वीस वर्षांत सुमारे ४९ जणी स्तनाच्या कर्करोगाने गेल्या. तपासणी झालेल्या दहा हजारांपैकी सुमारे ४२ जणी गेल्या.’

हे ढोबळ रूपांतर आहे, कारण प्रत्येक बाईवर पूर्ण वीस वर्षं लक्ष राहत नाही. म्हणूनच ‘सुमारे’ हा शब्द हवा. दोन्हीकडे दहा हजार हाच पाया ठेवायचा, एकीकडे शंभर आणि दुसरीकडे हजार असं करायचं नाही. आता घट ‘१५ टक्के’ नसून ‘दहा हजारांत सात’ आहे, हे कोणालाही बोटांवर मोजता येतं.

यानंतरची पायरी सगळ्यात अवघड. ‘लक्षणीय नाही’ याचा अर्थ बहुतेक लोक ‘फरक मोठा नाही’ किंवा ‘तपासणीचा उपयोग नाही’ असा लावतात. दोन्ही चूक. संशोधकांच्या हिशेबानुसार तपासणीच्या गटातला मृत्युदर दुसऱ्या गटाच्या ०.८५ पट होता, पण विदेशी सुसंगत असा पल्ला ०.७१ पासून १.०१ पर्यंत जातो. हा पल्ला सोडून द्यायचा मोह होतो, कारण तो क्लिष्ट दिसतो. माझ्या मते तो सोडला तर सारांश खोटा होतो. तोही बायकांच्या मापात आणता येतो: ४९.२४ ला या दोन टोकांनी गुणलं की सुमारे ३५ आणि ५० मिळतात. मग लिहायचं:

‘४९ ऐवजी ४२ हा आमचा सर्वांत चांगला अंदाज आहे. योगायोगाचा भाग धरला तर खरा आकडा ३५ इतका कमी असू शकतो किंवा ५० म्हणजे तपासणी न झालेल्या गटाइतकाच असू शकतो. त्यामुळे सर्व वयांच्या बायका एकत्र धरल्या तर तपासणीने मृत्यू टळतात असं आम्ही खात्रीने म्हणू शकत नाही. टळत नाहीत असंही म्हणू शकत नाही.’

ही वाक्यं लांब आहेत, पण त्यांत एकही अनोळखी शब्द नाही.

पन्नाशीपुढच्या बायकांचा निकाल मथळ्यात टाकायची घाई सगळ्यांनाच होते. तिथे दर ३४.६८ वरून २४.६२ वर आला, म्हणजे दहा हजारांमागे वीस वर्षांत सुमारे ६९ ऐवजी ४९. फरक मोठा आहे आणि पल्लाही पूर्णपणे घटीच्या बाजूला आहे. पण वयानुसार ही फोड माहिती गोळा झाल्यानंतर केलेली होती, आणि शोधनिबंधाने ते स्पष्ट नोंदवलं आहे. एकाच माहितीचे वय, वस्ती, शिक्षण असे बरेच तुकडे पाडले तर एखाद्या तुकड्यात नुसत्या योगायोगानेही फरक दिसतो. म्हणून मुख्य निकाल आधी, हा नंतर, आणि सोबत एक वाक्य: ‘ही तुलना आम्ही नंतर केली, म्हणून ती आशादायक आहे, पण मुख्य निकालाइतकी भक्कम नाही.’ हे वाक्य गाळलं की वाचणारी पन्नाशीची बाई हवी त्यापेक्षा जास्त खात्री बाळगते आणि चाळिशीची बाई उगाच निर्धास्त होते.

आणखी एका जागी घोटाळा हमखास होतो. याच अभ्यासात तपासणीच्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेले कर्करोग ३७ टक्के होते, दुसऱ्या गटात ४७ टक्के. इथे पाया बदलला आहे. हे टक्के सगळ्या बायकांचे नाहीत, फक्त ज्यांना कर्करोग निघाला त्यांचे आहेत. म्हणून ‘कर्करोग झालेल्या दर १०० जणींपैकी’ असं प्रत्येक वेळी पूर्ण लिहावं लागतं. शिवाय आजार लवकर सापडला म्हणजे जीव वाचलाच असं नाही. मुख्य प्रश्न मृत्यूचा होता, आणि तो वरच्या परिच्छेदातच राहिला पाहिजे.

या पानाच्या वाचकांपैकी निम्म्या बायका तपासणी न झालेल्या गटातल्या आहेत, हेही लिहिणाऱ्याने विसरू नये. ‘आम्हाला का नाही तपासलं?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असणार. तपासणीने जीव वाचतात की नाही हे तेव्हा माहीत नव्हतं आणि तुलनेशिवाय कळणारही नव्हतं, हे त्यांना आडवळण न घेता सांगायला हवं. तपासणीत गाठ लागली म्हणून पुढच्या चाचण्यांसाठी धावाधाव झाली आणि शेवटी काहीच निघालं नाही, अशा बायकांनाही पानात जागा हवी. फायद्यासाठी जो दहा हजारांचा पाया घेतला, तोच त्यांच्यासाठीही घ्यायचा.

पान तयार झालं की ते छापण्याआधी अभ्यासाशी संबंध नसलेल्या चार-पाच जणींना वाचायला द्यावं. ‘समजलं का?’ असं विचारू नये, त्याला सगळे हो म्हणतात. ‘शेजारणीला हे कसं सांगाल?’ असं विचारावं. तिने ‘तपासणी केली की कर्करोग होत नाही’ असं सांगितलं, तर चूक पानाची आहे. मृत्यू आणि आजार यांतला फरक पुन्हा लिहायला घ्यावा.

तुम्ही किंवा घरातलं कोणी एखाद्या वैद्यकीय अभ्यासात सहभागी होणार असाल, तर संमतीपत्रावर सही करतानाच विचारा: निकाल आम्हाला कधी आणि कोणत्या भाषेत मिळेल? आणि तो हातात आला की टक्क्यांवर थांबू नका. किती जणांमागे आणि किती वर्षांत, हे विचारून घ्या.