कपाटाच्या दारावरचा एक कागद

"आई, लाईट आहे का?" मी बंगळूरूहून विचारलं.

"आहे की. पंखा चालू आहे ना."

मला विचारायचं होतं राऊटरवरच्या दिव्यांबद्दल आणि आई सांगत होती विजेबद्दल. दोन्हीला आपल्याकडे लाईटच म्हणतात. पुढची पाच मिनिटं आम्ही दोघी दोन वेगळ्या लाईटबद्दल बोलत राहिलो आणि मला तातडीने हवा असलेला घराच्या खरेदीखताचा स्कॅन काही उघडेना. त्या रात्री मी एक कागद लिहायला घेतला. तो धड व्हायला तीन खेपा लागल्या.

साताऱ्याच्या घरी बाहेरच्या खोलीतल्या कपाटात तीन वस्तू आहेत. फायबरची बारीक वायर ज्यात शिरते तो नेटवाल्याने बसवलेला पांढरा डबा, त्याच्या शेजारी वायफायचा काळा राऊटर आणि खालच्या कप्प्यात माझा जुना डेस्कटॉप. हा डेस्कटॉप म्हणजे आमचा घरचा सर्व्हर. वीस वर्षांचे फोटो, घराचे कागद, विम्याच्या पॉलिसी, सगळं त्याच्यावर आहे. त्यातलं सॉफ्टवेअर अडकलं तर मी इथे बसून ते सुरळीत करू शकते. पण माझी वाट पांढऱ्या डब्यातून आणि काळ्या राऊटरमधूनच जाते. त्यातला एकही अडला किंवा सर्व्हरच बंद पडला, तर इथून मला काहीच करता येत नाही. तेव्हा घरातल्या माणसाचा हात लागतो, आणि तो कागद त्या हातासाठी असतो.

माझ्या पहिल्या कागदावर फक्त "राऊटर आणि सर्व्हर रीस्टार्ट करा" असं होतं. बाबांनी राऊटरच्या मागे रीस्टार्ट शोधलं. त्यांना RESET असं लिहिलेलं बारीक छिद्र दिसलं आणि त्यांनी त्यात टाचणी घालून ती धरून ठेवली. रीस्टार्ट आणि रिसेट हे शब्द कानाला जवळचे वाटतात, पण परिणाम अगदी उलटे. रीस्टार्ट म्हणजे डबा झोपवून उठवणं. रिसेट म्हणजे डब्याची पाटी कोरी करणं. नेट कंपनीने दिलेलं युजरनेम, पासवर्ड, वायफायचं नाव, मी केलेली सगळी मांडणी त्यात पुसली गेली. नेटवाला तिसऱ्या दिवशी आला. चूक बाबांची नव्हती, शब्द माझा होता.

दुसऱ्या कागदावर मी लिहिलं, "भिंतीवरचं बटण ३० सेकंद बंद ठेवा." बाबांनी घड्याळ लावून ठेवलं, तरी काही बदललं नाही. मग लक्षात आलं की लाईट गेली तरी नेट चालावं म्हणून मीच गणपतीत राऊटरसाठी छोटा यूपीएस बसवून दिला होता. भिंतीवरचं बटण बंद केलं की तो इमानेइतबारे बॅटरीवरून वीज पुरवत राहिला. राऊटर एक क्षणही बंद झाला नव्हता. हल्ली पुष्कळ घरांत असा हातभर वायरीचा यूपीएस असतो. तुमच्याकडे असेल, तर कागदावर भिंतीचं बटण लिहूच नका. डब्याच्या पाठीत शिरणारी गोल पिन ओढायला सांगा. मी त्या दोन पिनांना लाल चिकटपट्टी गुंडाळली आणि कागदावर "लाल पट्टीची पिन" असं लिहिलं.

आता दारावर असलेला कागद असा आहे:

१. घरात वीज आहे का पाहा. नसेल तर काही करू नका, वीज आल्यावर १० मिनिटं थांबा.

२. पांढऱ्या डब्यावर LOS लिहिलेला दिवा लाल आहे का? लाल असेल तर इथेच थांबा आणि नेटवाल्याला फोन करा.

३. लाल नसेल, तर पांढऱ्या आणि काळ्या डब्याची लाल पट्टीची पिन काढा. सावकाश ३० मोजा.

४. आधी पांढऱ्या डब्याची पिन लावा. PON चा दिवा लुकलुकायचा थांबला की काळ्या डब्याची लावा. ५ मिनिटं थांबा.

५. मोबाईलचा डेटा बंद करून वायफायवर बातम्या उघडा. उघडल्या नाहीत तर नेटवाल्याला फोन करा.

६. बातम्या उघडल्या तर मला फोन करा. मी सांगितलं तरच खालच्या कप्प्यातल्या मशीनचं निळ्या टिकलीचं बटण एकदा दाबून सोडा. धरून ठेवू नका.

७. बारीक छिद्रात काहीही घालू नका.

खाली नेटवाल्याचा नंबर, आमचा ग्राहक क्रमांक (फोन उचलणारा पहिल्यांदा तोच मागतो), माझा नंबर आणि शेजारच्या काकांचा नंबर. पासवर्ड एकही नाही, कारण घरी येणारा प्रत्येकजण तो कागद वाचू शकतो.

प्रत्येक ओळीमागे कारण आहे. LOS चा लाल दिवा म्हणजे फायबरमधून येणारा प्रकाशच डब्यापर्यंत पोचत नाही. वायर कुठेतरी तुटली, वाकली किंवा निसटली आहे. अशा वेळी डबा शंभरदा बंद-चालू करून उपयोग नाही. हे लिहिलेलं नसेल तर घरचे लोक तासभर पिना काढत-घालत बसतात आणि शेवटी आपलंच काहीतरी चुकलं असं त्यांना वाटत राहतं. PON चा दिवा स्थिर होणं म्हणजे नेट कंपनीच्या यंत्राने आपला डबा ओळखला. ते होण्याआधी राऊटर चालू केला तर त्याला पलीकडून उत्तर मिळत नाही आणि कधीकधी तो तसाच अडकून बसतो, म्हणून क्रम महत्त्वाचा. पिन काढून ३० मोजायचं ते डब्यात उरलेली वीज पूर्ण उतरावी म्हणून. पिन काढून लगेच लावली तर काही डबे खऱ्या अर्थाने बंद होतच नाहीत. दिव्यांचे रंग आणि नावं डब्यागणिक बदलतात, त्यामुळे सगळं ठीक असताना मी दोन्ही डब्यांचा फोटो काढला आणि कागदाच्या वरच्या कोपऱ्यात छापला. आई आता फोनवर "फोटोत आहे तसं दिसतंय" किंवा "फोटोतला तिसरा दिवा इथे नाही" असं सांगते. कागदावर लाईट हा शब्द कुठेही नाही. वीज म्हणजे वीज आणि डब्यावरचा तो दिवा.

पाचवी ओळ मी फार उशिरा शिकले. वायफायवर नेट नसलं की फोन गुपचूप मोबाईल डेटावर जातो. व्हॉट्सअॅप चालू दिसतं, "नेट आहे गं" असं उत्तर येतं आणि मी भलत्याच ठिकाणी दोष शोधत बसते.

सर्व्हरच्या बटणाचं थोडं सविस्तर सांगायला हवं. बटण एकदा दाबून सोडलं की मशीनला "आवर आता" असा निरोप जातो. ती उघड्या फाइली मिटते, डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहिते आणि मग बंद होते. त्याला दोन-तीन मिनिटंही लागतात. मशीन आधीच बंद असेल तर तेच बटण ती चालू करतं. पण चार-पाच सेकंद दाबून धरलं की वीज एकदम तोडली जाते. लिहिणं अर्धवट राहिलेलं असेल तर फोटोंची नोंदवही बिघडू शकते. त्यानंतर मशीन सुरू होताना स्वतःची डिस्क तपासत बसते. पडद्याविना बाहेरून ती मेल्यासारखी दिसते आणि माणूस घाबरून पुन्हा बटण धरतो. म्हणूनच सर्व्हरची ओळ "मला फोन करा"ने सुरू होते. नेट परत आल्यावर अर्ध्याहून जास्त वेळा मला सर्व्हर आपोआप दिसतो आणि बटणाला हात लावायची गरजच पडत नाही.

कागदाचं ओझं कमी करणारी एक गोष्ट आपल्याच हातात असते. बहुतेक डेस्कटॉपच्या बायोसमध्ये वीज गेल्यानंतर काय करायचं याची सेटिंग असते. माझ्या मशीनवर तिचं नाव `Restore on AC Power Loss` आहे. ती बंदवर असेल तर वीज परत आल्यावरही मशीन झोपूनच राहते. ती `Power On` केली की वीज येताच मशीन उठते. मात्र डिस्क पूर्ण कुलूपबंद ठेवली असेल आणि सुरू होताना पासवर्ड मागत असेल, तर एवढ्याने भागत नाही. मशीन उठते आणि पासवर्डची वाट बघत बसते.

मागच्या पावसाळ्यात या कागदाची खरी परीक्षा झाली. बाबा गावाला, घरी आई एकटी. सकाळी सर्व्हर दिसेना. मी फोन केला, तेव्हा आई आधीच कपाटासमोर होती. वीज होती. LOS लाल नव्हता, पण PON लुकलुकत होता. तिने दोन पिना काढल्या, मोठ्याने तीस मोजले, पांढरा डबा लावला. दोन मिनिटांनी म्हणाली, "थांबला गं लुकलुकायचा." मग काळा. मग डेटा बंद करून बातम्या. उघडल्या. मला मात्र सर्व्हर अजून दिसत नव्हता. "निळ्या टिकलीशेजारचा दिवा?" "विझलेला आहे." रात्री वीज जाऊन आली होती आणि तेव्हा ती बायोसची सेटिंग मी अजून बदलली नव्हती. आईने बटण एकदा दाबलं, पंख्याचा आवाज आला आणि सहाव्या मिनिटाला फोटो उघडले. महिन्याभराने पुन्हा नेट गेलं, तेव्हा LOS लाल होता. रस्त्याच्या खोदकामात वायर तुटली होती. आईने एकही पिन काढली नाही. ग्राहक क्रमांक वाचून दाखवला आणि मला निरोप पाठवला, "दुसरी ओळ. नेटवाला संध्याकाळी येतोय."

हे जमलं ते दिवाळीच्या तालमीमुळे. घरी असताना मी मुद्दाम राऊटरची वायर सैल केली, आईच्या हातात कागद दिला आणि शेजारी गप्प बसले. ती जिथे थबकली ती ओळ बदलली. "पोर्ट" गेला, "निळी टिकली" आली. अक्षर मोठं केलं, कागद एका बाजूचाच ठेवला, प्लास्टिकच्या पाकिटात घालून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. सर्व्हरवर ठेवलेला कागद बिघाडाच्या वेळी उघडेलच असं नाही. तळाशी तारीख घातली आणि डबा किंवा वायर बदलली की कागदही बदलायचा, असं बाबांच्या वहीत लिहून ठेवलं.

पुढच्या खेपेला घरी जाल तेव्हा सगळे दिवे ठीक असताना डब्यांचा एक फोटो तेवढा काढून ठेवा. बिघाड झाल्यावर तो काढता येत नाही.